शेडचा करार झाला, मग लोखंड वाढलं. ठेकेदाराला किती वाढवून देणं रास्त?

तूरडाळ_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमची लहान दालमिल आहे. माल ठेवायला जागा पुरत नाही म्हणून मागच्या मोकळ्या जागेत साठ बाय शंभर फुटांचं लोखंडी गोडाऊन बांधायला काढलंय. संक्रांतीनंतर धुळ्याकडच्या एका फॅब्रिकेटरशी करार केला. ४६० रुपये फूट, म्हणजे ६००० फुटांचे २७ लाख ६० हजार, जीएसटी वेगळा. सांगाडा, पत्रा, रंग, उभारणी सगळं त्याचं. पाया आम्ही आमच्या गवंड्याकडून करून द्यायचा. ३० टक्के ॲडव्हान्स सहीच्या दिवशीच दिला, ८ लाख २८ हजार. करारात स्पष्ट ओळ आहे की दर काम पूर्ण होईपर्यंत कायम राहील.

आता खांब उभे आहेत आणि काम थांबलंय. त्याचं म्हणणं, लोखंड ५८ वरून ६९ रुपये किलो झालं, जवळपास १९ टक्के वाढ. म्हणून त्याला फुटाला ५४० हवेत. म्हणजे ४ लाख ८० हजार जास्तीचे. माणूस खोटा वाटत नाही, आधीच्या दोन ठिकाणचं काम बघूनच त्याला दिलं होतं. वडील म्हणतात, सही केलीय तर एक रुपया द्यायचा नाही. मला वाटतं थोडं द्यावं, पण थोडं म्हणजे किती ते कशावरून ठरवायचं? आखाजीपर्यंत छत पडायला हवं, नाहीतर पावसाळ्यात माल पुन्हा भाड्याच्या गोडाऊनात जाईल.

गिरणाकाठ

सही करेल शे ना भाऊ, मंग आते रडीसन काय उपयोग? भाव उतरले असते तर त्याने तुम्हाला फोन करून पैसे परत दिले असते का? तुमचे वडील बरोबर बोलतायत. आज ४ लाख ८० दिले तर पत्र्याच्या वेळी पुन्हा हात पसरेल. नोटीस पाठवा, काम दुसऱ्याकडून करून घ्या, फरक याच्याकडून वसूल करा.

सावद्याची_ताई

आमचंही असंच झालं. केळीच्या गाड्यांचा दिल्लीचा दर वर्षभरासाठी ठरवला होता आणि मध्येच डिझेल वाढलं. व्यापारी म्हणाला, कागद बघा. आम्ही तीन खेपा तोट्यात मारल्या, मग गाड्या द्यायच्या बंद केल्या. पुढच्या वर्षी कागदावरच लिहून घेतलं की डिझेल अमुक रुपयांनी वाढलं तर गाडीमागे अमुक वाढ. गाडी किती ॲव्हरेज देते ते दोघांनाही ठाऊक असतं, त्यामुळे भांडण होत नाही. तुम्ही ठेकेदाराला डिझेलचे वेगळे पैसे देता का?

तूरडाळ_जळगाव

ताई, आमच्याकडे प्रश्न लोखंडाचा आहे, क्रेन आणि वाहतूक त्याच्याच दरात आहे. पण तुमची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे.

शहादेकर

करारात नैसर्गिक आपत्ती, युद्ध, सरकारी निर्णय असं काही कलम आहे का बघा. बहुतेक छापील करारांत असतं. ते असेल तर ठेकेदाराला भाववाढ मिळते, कारण बाजारभाव कुणाच्याच हातात नसतो. नसेल तर काहीच मिळत नाही. विषय तिथेच संपतो.

काळा_कोट

शहादेकर, कलम बघायला सांगितलंत ते योग्यच. पण त्या कलमातून भाववाढ मिळते हे बरोबर नाही. माल महाग होणं आणि काम अशक्य होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ खाली करार सुटतो तो काम करणंच अशक्य किंवा बेकायदा झालं तर. सैन्याला तूप खरेदी करून देणाऱ्या एजंटांनी महायुद्धामुळे खर्च वाढला म्हणून ठरलेल्यापेक्षा जास्त मोबदला मागितला होता. सुप्रीम कोर्टाने १९६० साली अलोपी प्रसाद खटल्यात तो नाकारला. २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉगच्या निकालात इंडोनेशियाचा कोळसा महागला तरी वीज कंपन्यांना त्या कारणाने सुटका मिळाली नाही. तिथे वाढ तुमच्या ११ रुपयांपेक्षा कितीतरी मोठी होती.

म्हणजे तूरडाळ, कोर्टात ठेकेदाराची बाजू लंगडी आहे. त्याने काम सोडलं तर कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येते, गिरणाकाठ म्हणतात ते चूक नाही. पण वसुली म्हणजे दिवाणी दावा. तोपर्यंत अर्धवट खांबांवर दुसरा फॅब्रिकेटर चढणार का, चढला तर आधीच्या वेल्डिंगची हमी घेणार का, हे आधी विचारून बघा. आणि कायद्याने तुम्हाला बांधलं नाही याचा अर्थ तुम्ही द्यायचंच नाही असा होत नाही. दोघांची संमती असेल तर कलम ६२ खाली करार बदलता येतो. द्यायचंच ठरलं तर ते कसं लिहायचं ते नंतर सांगते.

नरडाणा_फॅब

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे ठेकेदाराची बाजू आधी सांगतो. अशा कामात आमच्या हाती ८ ते १० टक्के राहतात. २७ लाखांत अडीच लाख धरा. २४ टन लोखंड लागणार असेल आणि किलोला ११ रुपये वाढले तर २ लाख ६४ हजार गेले. नफा संपला आणि वर खिशातून. असा माणूस काम सोडून पळाला नाही, तुमच्यासमोर येऊन बोलला, हे मी चांगलं लक्षण मानतो.

दुसरं सांगतो ते कडू आहे. जो बोलत नाही तो माल उतरवतो. दोन मिलीच्या पर्लिनच्या जागी १.६ ची लागते, ०.५० च्या पत्र्याऐवजी ०.४५ येतो, रंगाचे दोन हात ठरलेले असतील तर एकच बसतो. खालून बघून कुणालाच कळत नाही. जूनच्या वादळात पत्रा फडफडायला लागला की कळतं. म्हणून तुम्ही पैसे द्या किंवा देऊ नका, व्हर्नियर घेऊन पर्लिनच्या कापलेल्या टोकाला जाडी मोजा, जिथे रंग नसेल तिथे. आणि लोखंडाची प्रत्येक गाडी रिकामी व्हायच्या आधी तुमच्या मिलजवळच्या धर्मकाट्यावर न्या.

आता त्याची चूक. लोखंड १९ टक्के वाढलं म्हणून पूर्ण दर १७ टक्क्यांनी वाढवणं हे मला पटत नाही. त्या ४६० मध्ये पत्रा आहे, मजुरी आहे, क्रेन आहे. ते सगळं १९ टक्के वाढलं का?

निवृत्त_उपअभियंता

नरडाणाकरांनी नेमका मुद्दा पकडला. सरकारी कामांत भाववाढ देण्याची पद्धत आहे, तिथेही पूर्ण बिलावर टक्का लावत नाहीत. मजुरी, सिमेंट, पोलाद, इंधन असे भाग पाडतात आणि प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या निर्देशांकाने हलतो. रेल्वेच्या करारात तर १५ टक्के भाग स्थिर धरलेला असतो, त्यावर काहीच वाढ मिळत नाही. तुमच्यासारख्या छोट्या कामाला निर्देशांकाची गरज नाही. खरेदीची बिलं हातात असली की पुरे.

तूरडाळ, चार गोष्टी सांगा. ड्रॉइंगप्रमाणे लोखंडाचं एकूण वजन किती? त्यातलं भाव वाढायच्या आधी किती विकत घेतलं? पत्रा घेतला आहे का आणि कोणत्या दराने? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा पाया वेळेवर झाला का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्या, बराच हिशेब त्यावर अवलंबून आहे.

बिल मागताना कोटेशन घेऊ नका. कोटेशन कुणीही कितीही रुपयांचं आणून देईल. टॅक्स इन्व्हॉइस, त्यावरची तारीख आणि वजन, सोबत ई-वे बिल आणि काट्याची पावती, एवढं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

तूरडाळ_जळगाव

काल त्याच्याबरोबर दोन तास बसलो. त्याने फाइल आणली, काही लपवलं असं वाटलं नाही.

ड्रॉइंगप्रमाणे वजन २४ टन. त्यातलं ९ टन त्याने करारानंतर लगेच ५८ च्या दराने उचललं, बिलं आहेत. खांब त्याचेच झाले. पत्रा पूर्ण घेऊन त्याच्या शेडमध्ये ठेवलाय, ४ लाख ३२ हजारांचा, जुन्या दराने. उरलेलं १५ टन आता ६९ ने घ्यावं लागणार.

पायाचं म्हणाल तर आमच्याकडून तीन आठवडे उशीर झाला. गवंड्याची माणसं गावी गेली आणि फाउंडेशन बोल्ट बसायचे राहिले. ज्या तारखेला पाया द्यायचा होता तेव्हा भाव ६२ होता, त्या तीन आठवड्यांत ६९ झाला. वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही.

गिरणाकाठ

हे आधी सांगायला पाहिजे होतं. पण तरीही माझा एक प्रश्न आहे. ॲडव्हान्स ८ लाख २८ हजार दिला होता ना? त्या पैशात ५८ ने १४ टन लोखंड आलं असतं. त्याने ९ च टन घेतलं. उरलेले पैसे त्याने दुसऱ्या कामात फिरवले असतील तर त्या ५ टनांचा भुर्दंड तुम्ही का भरायचा?

निवृत्त_उपअभियंता

गिरणाकाठ, प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो नेहमी विचारायला हवा. पण इथे हिशेब करून बघा. ९ टन ५८ ने म्हणजे ५ लाख २२ हजार. पत्रा ४ लाख ३२ हजार. दोन्ही मिळून ९ लाख ५४ हजार, जीएसटी न धरता. ॲडव्हान्सपेक्षा सव्वा लाख जास्तच त्याने मालात घातलेत. पत्रा आधी घेऊन ठेवला म्हणून तुम्ही पत्र्याच्या वाढीतून वाचलात. तेव्हा ॲडव्हान्सचा आक्षेप इथे टिकत नाही. पत्र्याची बिलं नसती तर टिकला असता.

आता वाढीचा हिशेब फक्त १५ टनांवर. ११ रुपयांचे दोन तुकडे करा. पाया द्यायच्या तारखेपर्यंत ४ रुपये वाढले, त्यानंतर ७. ते ७ रुपये तुमच्या उशिराचे आहेत. पाया वेळेवर मिळाला असता तर त्याने माल ६२ ने घेतला असता. माझ्या मते ते पूर्ण तुम्ही द्यावेत. १५,००० किलोला ७ रुपये म्हणजे १ लाख ५ हजार.

राहिले ४ रुपये. बाजार थोडा वरखाली होणार हे धरूनच ठेकेदार दर देतो. पहिले ५ टक्के त्याने सोसावेत असं मी सुचवेन. ५८ चे ५ टक्के म्हणजे २ रुपये ९० पैसे. उरलेला १ रुपया १० पैसे तुमचा, त्याचे १६,५०० होतात. एकूण १ लाख २१ हजार ५००. त्याच्या ४ लाख ८० हजारांशी ताडून बघा.

नफा या रकमेवर लावायचा नाही. लोखंड महागलं म्हणून त्याची मेहनत वाढत नाही.

नरडाणा_फॅब

साहेब, तुमचा हिशेब मला बराचसा मान्य आहे, पण ५ टक्के कुठून आले? करारात तसं काही नाही. तुम्ही सरकारी खात्यात होतात म्हणून ठेकेदाराने सोसायचं हे तुम्हाला सहज वाटतं. मी म्हणतो, ४ रुपयांचे निम्मे करा, दोन दोन. तेव्हा १ लाख ३५ हजार होतात. आणि तीन आठवडे त्याची माणसं बसून होती, त्याचं काय? मी असतो तर मजुरीचं वेगळं मागितलं असतं.

निवृत्त_उपअभियंता

करारात नाही हे खरं. करारात तर काहीच वाढ नाही, त्यामुळे जे ठरेल ते बोलण्यातूनच. निम्मे निम्मे यालाही माझी हरकत नाही. ५ टक्क्यांचा फायदा एवढाच की लहानसहान चढउतारासाठी कुणी कागद घेऊन बसत नाही. मजुरीचं मात्र नुसतं तोंडी चालणार नाही. माणसं खरंच साइटवर बसून होती की दुसऱ्या कामावर गेली होती ते हजेरीवरून दिसलं पाहिजे.

सावद्याची_ताई

मला एक कळत नाही. भाव पुन्हा उतरले तर? आमच्या डिझेलच्या कागदात आम्ही वाढ लिहिली, उतरण लिहिलीच नव्हती. व्यापाऱ्याने नंतर तेच बोट ठेवलं आणि त्याचं चूक नव्हतं.

शहादेकर

ताईंचा मुद्दा खरा आहे. २०२२ च्या मे महिन्यात केंद्राने पोलादावर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि भाव उतरले. त्याच्या आधी घाबरून चढ्या दराने नवे करार करणाऱ्यांचे हात पोळले. सिमेंटचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ झाला. माझ्या घराचं काम मालासकट, सगळे कर धरून एकाच दराने दिलेलं होतं. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, दर ठरलेला आहे. त्याच माणसाने वाळू महागली तेव्हा जास्तीचे पैसे घेतले होते आणि मी दिले होते.

काळा_कोट

म्हणूनच कागद करताना दोन्ही दिशा लिहायच्या. तूरडाळ, आता लिहिण्याबद्दल सांगते.

आधी एक सावधगिरी. बोलणी चालू असताना व्हॉट्सॲपवर "बघू, काहीतरी करू, तुम्ही काम चालू करा" असं पाठवू नका. उद्या त्याचा अर्थ त्याच्या सोयीने लावला जाईल. "मूळ करार कायम आहे, चर्चा चालू आहे, लेखी ठरेपर्यंत दरात बदल नाही" एवढंच लिहा.

दुसरं, नुसतं "जास्त पैसे देईन" असं वचन कच्चं असतं. जे काम करायला तो आधीच बांधलेला आहे, त्याच कामासाठी जादा रक्कम कबूल केली तर त्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं, असा प्रश्न निघतो. मुंबई हायकोर्टासमोर १८७७ मध्ये असंच प्रकरण आलं होतं. वकीलपत्र घेतल्यानंतर पक्षकाराने वकिलाला इनाम कबूल केलं, आणि ते वचन कोर्टाने मोबदल्याअभावी अमलात आणलं नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी काहीतरी बदलू द्या. तुम्ही रक्कम वाढवा, त्याने छत टाकायची नवी पक्की तारीख द्यावी आणि गळतीची हमी वाढवावी. तुम्ही पाया उशिरा दिल्याबद्दल त्याचा जो काही दावा असेल तो त्याने सोडावा. तो दावा सोडणं हाच मोठा मोबदला आहे, नरडाणाकर म्हणतात ती मजुरीही त्यातच मिटेल.

५०० रुपयांच्या स्टॅम्पवर पुरवणी करारनामा करा. मूळ कराराची तारीख लिहा, कोणती ओळ बदलली ते लिहा, बाकी सर्व अटी कायम असं लिहा. फुटाचा दर ४६० च ठेवा, त्याला हात लावू नका. वाढ फक्त १५ टनांवर, किलोमागे, इन्व्हॉइसच्या प्रत्यक्ष दराप्रमाणे. कमाल मर्यादा आकड्यात लिहा. खरेदीच्या दिवशी भाव ६९ पेक्षा कमी असेल तर वाचलेला फरक तुमचा. आणि जमलं तर वाढीची रक्कम आगाऊ देण्याऐवजी माल काट्यावरून उतरला की द्या.

काम थांबवून, पावसाळा तोंडावर आणून, सही करायला लावली असं तुम्हाला वाटत असेल तर आत्ताच लेखी हरकत नोंदवा. सही करून, पैसे देऊन, शेड वापरायला घेतल्यावर दबाव होता म्हणणं फार अवघड जातं.

गिरणाकाठ

वकीलबाई, तुमचं सगळं बरोबर असेल, पण मला अजून वाटतं की दर कायम राहील ही ओळ लिहिणाऱ्याने ती ओळ वाचली होती. त्याने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. ७ रुपयांचं मी मान्य करतो, तो मालकाचा उशीर आहे. ४ रुपयांतला एक पैसाही मी दिला नसता.

नरडाणा_फॅब

भाऊ, तेव्हा नाही म्हणालो की काम शेजारच्याला जातं. आम्ही कोटेशनवर "दर सात दिवस वैध" असं लिहितो, तरी पार्टी महिन्याने येते आणि त्याच दराने सही करा म्हणते. ही सोय कुणाची असते?

तूरडाळ_जळगाव

वडिलांना पायाच्या उशिराचं सांगितलं. रागावले, मग स्वतःच म्हणाले, आपल्यामुळे झालं ते द्यायचं.

काल बैठक झाली. ठेकेदार आधी २ लाख ६४ हजारांवर आला, पूर्ण २४ टन धरून. ९ टनांची त्याचीच बिलं समोर ठेवली तेव्हा १ लाख ६५ हजारांवर आला. मग ७ आणि ४ चा हिशेब मांडला. ७ आमचे, ४ मधले निम्मे निम्मे, कमाल १ लाख ३५ हजार, माल काट्यावरून उतरल्यावर द्यायचे. बसून राहिलेल्या माणसांचं त्याने सोडलं. गळतीची हमी एक वर्षाची होती ती तीन वर्षं केली. छत आखाजीच्या आठ दिवस आधी. पुरवणी करारनाम्याचा मसुदा काळा_कोट ताईंच्या सूचनांप्रमाणे केलाय.

एका गोष्टीवर अडलंय. भाव ६९ च्या खाली आला तर फरक आमचा, हे त्याला मान्य आहे. पण तो म्हणतो, ६२ च्या खाली गेला तर उरलेला फायदा त्याचा, कारण मूळ करारात दर कायम होता आणि तेव्हाचा फायदा त्याचाच असता. मला ते चुकीचं वाटत नाही, वडिलांना वाटतं.

निवृत्त_उपअभियंता

ठेकेदाराचं म्हणणं तर्काला धरून आहे. ५८ ते ६२ हा टप्पा तुम्ही वाटून घेतलाय, तर तिथली घटही तशीच वाटून घ्या. ५८ च्या खाली जे वाचेल ते त्याचं. पण हे सगळं १५ टन एकदम उचलले तरच सरळ राहील. तो दोन खेपांत आणणार असेल तर प्रत्येक खेपेचा दर वेगळा धरावा लागेल. त्याला आधी ते विचारा, मसुदा मग पक्का करा.

तूरडाळ_जळगाव

विचारलं. दोन खेपा म्हणतोय, आधी ८ टन, मग ७. एकदम घ्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत. आम्ही पुरवठादाराला थेट पैसे देऊन १५ टन एकदम उचलायचे आणि ते त्याच्या बिलातून वळते करायचे, असं करता येईल का? जीएसटीचं बिल कुणाच्या नावावर निघेल?

काळा_कोट

पैसे थेट पुरवठादाराला देता येतात, पण बिल ठेकेदाराच्याच नावाने निघू द्या. तुमच्या नावाने निघालं तर माल तुम्ही पुरवला असं होईल आणि मूळ करारातली त्याची जबाबदारी सैल पडेल. त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या खात्यापोटी पैसे दिले असं तिघांच्या सहीचं पत्र करा. कराची बाजू तुमच्या सीएकडून एकदा तपासून घ्या, मग सही.